डाव्या बर्नरची ज्योत पिवळी, गंजाचं बूड काळं – बर्नर घासूनही फरक नाही

रश्मी_खामला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे तीन बर्नरची काचेची शेगडी आहे. मे महिन्यात आम्ही सगळे अमरावतीला होतो, घर बंद होतं. परत आल्यापासून समोरचा डावा बर्नर नीट जळत नाही. ज्योत लांब आणि मऊ येते, टोकाला पिवळी असते आणि लवलवत राहते. दुधाचा गंज ठेवला की बुडाला काजळी धरते, बोट लावलं तर बोट काळं होतं. स्वयंपाक करताना डोळे पण चुरचुरतात. समोरचाच उजवा बर्नर मात्र छान निळा जळतो.

बर्नर काढून गरम पाण्यात लिंबू आणि सोडा घालून भिजवला, घासला, उजेडाकडे धरून पाहिलं तर सगळी भोकं मोकळी आहेत. तरी पिवळी ती पिवळीच. दुरुस्तीवाले फोनवरच म्हणाले की नोझल गेलं, बदलावं लागेल. खरंच नोझल असेल का?

सुनंदाकाकू
अगं, सिलिंडर संपत आलं असेल. आमच्याकडे शेवटच्या चार-पाच दिवसांत ज्योत हमखास पिवळी पडते. नवीन लावलं की आपोआप ठीक होते. उगाच शेगडी उघडू नकोस.

निखिल_मानेवाडा
नोझलमध्ये कचरा आहे ताई. जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची पिन मिळते, ती नोझलच्या भोकात घालून दोन-तीनदा फिरवा. आमच्या घरी बाबा नेहमी हेच करतात, ज्योत एकदम मोठी होते.

इतवारीचे_मिस्त्री
निखिलभाऊ, पिन घालू नका आणि ताईंना पण सांगू नका. का ते सांगतो. पंचवीसेक वर्षं शेगड्याच दुरुस्त करून राहिलो, त्यातल्या कितीतरी या पिनेनंच बिघडलेल्या असतात.

आधी सुनंदाकाकूंचं. काकू, तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असे दोन गॅस असतात. प्रोपेन आधी उडतो, तळाशी ब्युटेन जास्त उरतो आणि त्याला जळायला हवा जास्त लागते. म्हणून शेवटी टोकं थोडी पिवळी दिसू शकतात. पण रश्मीताईंचा उजवा बर्नर त्याच सिलिंडरवर, त्याच रेग्युलेटरवर, त्याच पाइपवर निळा जळून राहिला आहे. दोष सिलिंडरचा असता तर दोन्ही बर्नर सारखे पिवळे झाले असते. म्हणजे बिघाड डाव्या कॉकपासून डाव्या बर्नरपर्यंतच्या वीतभर जागेत आहे, बाहेर कुठे नाही.

आता नोझल. नोझलमधून गॅसची बारीक धार जोरात सुटते. ती धार समोरच्या नळीत शिरताना आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून नेते. त्या नळीला आम्ही मिक्सिंग ट्यूब म्हणतो. हवा आत ढकलायला पंखा नाही, पंप नाही, सगळं काम ती धारच करते. एक भाग गॅस पूर्ण जळायला साधारण २५ ते ३० भाग हवा लागते. त्यातली बरीच या नळीतूनच आत येते, बाकीची ज्योतीला बाहेरून मिळते.

आता विचार करा. नोझल तुंबलं तर काय होईल? गॅसच कमी येईल. ज्योत लहान होईल, मरगळेल, पण बहुतेक वेळा निळीच राहील. आणि नळी किंवा बर्नर तुंबला तर? गॅस तेवढाच येत राहतो, कारण तो नोझलच्या भोकावर ठरतो. कमी होते ती हवा, कारण पुढं वाट अडली की धारेला हवा ओढता येत नाही. गॅस पुरेसा आणि हवा अपुरी, म्हणजे पिवळी ज्योत आणि काजळी. ताईंची ज्योत लांब आहे, लहान नाही. म्हणून मला नोझलपेक्षा नळीचा संशय जास्त आहे.

निखिल_मानेवाडा
पण पिन फिरवल्यावर ज्योत मोठी होते, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

इतवारीचे_मिस्त्री
होते ना, तीच तर भानगड आहे. नोझल पितळेचं असतं, मऊ असतं. पोलादी पिन फिरवली की भोक रुंदावते. भोकाचा व्यास १० टक्के वाढला तर गॅस जवळपास २१ टक्के जास्त सुटतो, कारण गॅस क्षेत्रफळावर जातो. नळी मात्र तीच, हवेची वाट तीच. ज्योत मोठी दिसते, घरच्यांना वाटते दुरुस्त झाली, आणि पुढच्या आठवड्यात भांडी काळी व्हायला लागतात. बरं, रुंदावलेलं भोक परत लहान होत नाही, मग नोझल बदलावंच लागते. बाबांना विचारून पाहा, तुमच्याकडे भांड्यांची बुडं काळी होऊन राहिली का?

एक अपवाद आहे, तोही सांगून ठेवतो. कधी कधी नोझलच्या तोंडाशी कण अर्धवट अडकतो आणि धार तिरपी जाते. मग ती नळीच्या मधोमध न जाता भिंतीला घासते, हवा नीट ओढत नाही, आणि ज्योत एका बाजूनं पिवळी होते. पण तेव्हाही नोझल काढून फुंकायचं असते, टोचायचं नसते.

रश्मीताई, नळी उघडायच्या आधी एक सोपी गोष्ट करा. तुमच्या समोरच्या दोन बर्नरचा आकार सारखा आहे ना? शेगडी पूर्ण थंड झाल्यावर डाव्याचा बर्नर उजवीकडे ठेवा आणि उजव्याचा डावीकडे. नीट खाचेत बसवा, वाकडा बसला तरी ज्योत पिवळी होते. पिवळेपणा बर्नरबरोबर उजवीकडे गेला तर दोष बर्नरचा. डावीकडेच राहिला तर दोष खालच्या नळीत नाही तर नोझलमध्ये.

चारुशीला_धरमपेठ
ज्योत पिवळी असेल तर प्लीज दुर्लक्ष करू नका. आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे. मागच्या थंडीत दार-खिडकी लावून आंघोळ करताना माझ्या जावेला चक्कर आली, डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. बाहेर मोकळ्या हवेत आणल्यावर हळूहळू बरं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं की कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम आहे. गीझरच्या आतली ज्योत कशी पाहायची? त्याचा पण बर्नर साफ करता येतो का?

इतवारीचे_मिस्त्री
चारुशीलाताई, गीझर घरी उघडू नका. त्याचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, आणि तोपर्यंत वापरू नका. तुमच्याकडे मुख्य गोष्ट बर्नरची नाहीच, जागेची आहे. बंद बाथरूममध्ये गीझर खोलीतली हवा खातो. हवा कमी पडली की साफसूफ बर्नरसुद्धा हा विषारी वायू करायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला आपल्याला कळावं म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला तसं काही नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागी बसवून आत फक्त गरम पाण्याचा नळ आणता येतो. तो पर्याय पाहा.

रश्मी_खामला
मिस्त्रीकाका, अदलाबदल केली. डावा बर्नर उजवीकडे एकदम निळा जळला. उजव्याचा चांगला बर्नर डावीकडे ठेवला, तर तोही पिवळा! म्हणजे माझं घासणं वाया गेलं नाही, बर्नर साफच होता. आता नळी कशी पाहायची? शेगडी मी उघडू शकते का, की दुकानात आणावी लागेल?

इतवारीचे_मिस्त्री
शाब्बास. आता जागा पक्की झाली. उघडता येईल, पण या क्रमानं.

रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडरवरून काढून झाकण लावा. मग कॉक उघडून पाइपमधला उरलेला गॅस जळू द्या, ज्योत विझली की कॉक बंद करा. खिडकी उघडी ठेवा. पाइप शेगडीच्या तोटीवरून काढा. बर्नर, जाळ्या आणि खालच्या ताटल्या उचलून बाजूला ठेवा. ओट्यावर जुनी गोधडी अंथरून शेगडी त्यावर उलटी ठेवा, काच आहे, दोघांनी धरा.

खालून पाहिलं की प्रत्येक कॉकच्या टोकाला छोटं पितळी नोझल दिसेल आणि त्याच्यासमोर नळीचं रुंद तोंड. त्या तोंडाशी हवेची फट असते. बॅटरी मारून उजव्या आणि डाव्या नळीत पाहा, फरक लगेच कळेल. बहुतेक शेगड्यांत नळी एका स्क्रूवर बसलेली असते. स्क्रू काढून नळी मागं सरकवली की सुटते. रिव्हेट मारलेली असेल तर ओढाताण करू नका, सरळ दुकानात आणा.

नळी बाटली धुवायच्या बारीक ब्रशनं कोरडीच साफ करा. सोडा-बिडा नको, कारण बऱ्याच नळ्या अॅल्युमिनिअमच्या असतात आणि कपड्याच्या सोड्यानं अॅल्युमिनिअम खाल्लं जाते. नोझलला हात लावू नका, फक्त तोंडाशी काही चिकटलं असेल तर मऊ ब्रश फिरवा.

जोडल्यावर पाइप पूर्ण आत बसवा, क्लिप घट्ट करा, आणि पेटवायच्या आधी साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर लावा. फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती पाहायची नाही, कोणी सांगितलं तरी. आणि गॅसचा वास येत राहिला तर विजेचं बटण चालू-बंद न करता बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा, तो नंबर चोवीस तास चालतो.

देवेंद्र_नंदनवन
काका, माझंही पाहा ना. मुलाची पुण्यातली शेगडी इकडे आणली, तो परदेशी गेला म्हणून. तिथं त्याच्याकडे पाइपनं गॅस यायचा. इथं सिलिंडरवर लावली तर सगळे बर्नर पिवळे, ज्योत वीतभर, कुकर काळाकुट्ट झाला. बर्नर साफ करून थकलो.

इतवारीचे_मिस्त्री
देवेंद्रजी, ती शेगडी आजच बंद करा, सिलिंडरवर वापरू नका. पाइपच्या गॅसची नोझलं मोठ्या भोकाची असतात, कारण तो गॅस हलका आणि कमी दाबाचा असतो. सिलिंडरचा गॅस त्यातून भरमसाट सुटतो. म्हणूनच तुमचे सगळे बर्नर एकसारखे पिवळे आहेत. वरती निखिलभाऊंना सांगितलं तेच, फक्त इथं भोक कारखान्यातूनच मोठं आहे. कितीही घासलं तरी फरक पडणार नाही. शेगडीच्या कंपनीची एलपीजीची नोझलं बसवून घ्या, अन् लहान-मोठ्या बर्नरची नोझलं वेगवेगळी असतात, त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

देवेंद्र_नंदनवन
अरे बाप्पा! हे कोणीच सांगितलं नाही. धन्यवाद. उद्याच पाहतो.

रश्मी_खामला
मंडळी, सापडलं! शेगडी उलटी करून बॅटरी मारली. उजव्या नळीत आरपार उजेड दिसला, डाव्या नळीत काळोख. नळी काढून आपटली तर आतून वाळलेल्या मातीची ढेकळं पडली. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, आतून पोकळ, एकात कसल्याशा किड्याचे सुकलेले अवशेष. सासूबाई पाहताक्षणी म्हणाल्या, ही कुंभारीण माशी, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर करते ती. आम्ही नव्हतो तेव्हा तिनं नळीत घर केलं असणार. अर्ध्यापेक्षा जास्त नळी भरली होती. मातीवर कोळ्याचं जाळं पण होतं.

ब्रशनं साफ केली, जोडली, साबणाचं पाणी लावून पाहिलं, फुगे नाहीत. आता ज्योत निळी आहे. आतले छोटे निळे सुळके वेगवेगळे दिसतात. चहाचं भांडं ठेवलं, बूड स्वच्छ.

पण अजून दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे मधूनच ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात, दोन्ही बर्नरवर. दुसरं म्हणजे सिमवर केलं की डाव्या बर्नरच्या एका बाजूला जरा पिवळं राहतं.

सुनंदाकाकू
कुंभारीण! आमच्या पाण्याच्या मोटरच्या पाइपात पण केलं होतं तिनं घर. रश्मी, नारिंगी ठिणग्या आमच्याकडे पण दिसतात, विशेषतः कूलर चालू असला की.

अवंती_सक्करदरा
काकूंचं मला पटतं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ज्योतीत सोडियम गेलं की रंग पिवळा-नारिंगी होतो, चिमूटभर मीठ पुरतं. रश्मीनं बर्नर सोड्यात भिजवला होता. भोकात थोडाही सोडा राहिला तर ज्योत काही वेळ रंगीत दिसेल, आणि हवा कमी पडते आहे असं उगाच वाटेल. आणि आपल्याकडे बोअरचं पाणी कूलरला, वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तो क्षारांचाच. त्याचे बारीक कण हवेत येत असतील.

इतवारीचे_मिस्त्री
अवंतीताई बरोबर म्हणून राहिल्या. म्हणून नुसत्या रंगावर जायचं नाही. स्टीलचा चमचा ज्योतीच्या टोकाशी क्षणभर धरा. काजळी आली तर हवा कमी आहे. ज्योत नारिंगी आहे पण चमचा स्वच्छ राहिला, तर ती धूळ किंवा क्षार. त्यानं कोणाला धोका नाही. रश्मीताई, बर्नर साध्या पाण्यात नीट खळबळून उन्हात पूर्ण वाळवा. भोकात पाणी राहिलं तरी ज्योत फडफडते. मग कूलर बंद करून थोड्या वेळानं पाहा. पण कूलर बंद केला म्हणून खिडकी लावू नका, ती उघडीच राहू द्या.

सिमवर एका बाजूला पिवळं म्हणता, तिथं मी अडतो. मोठ्या आचेवर निळी आणि सिमवर एका बाजूनं पिवळी, याची कारणं दोन-तीन असू शकतात. नळी परत बसवताना नोझलसमोर सरळ आली नसेल. मातीचा कण नोझलच्या तोंडाशी राहिला असेल. किंवा कूलरचा वारा त्या बाजूनं येत असेल. न पाहता सांगणं बरोबर नाही.

निखिल_मानेवाडा
काका, बाबांना विचारलं. आमच्या कढईचं बूड वर्षभरापासून काळंच येतं, आई रोज राखेनं घासते. नोझल बदलायला सांगितलं आहे. तेच मॉडेल जुनं झालं, मिळेल का? नाही तर दुसऱ्या कंपनीचं चालतं का?

इतवारीचे_मिस्त्री
जुन्या नोझलवर आकडा कोरलेला असते, तो वाचून आणा. आटे जुळले म्हणून कोणतंही बसवू नका. दुसऱ्या कंपनीचं बसवलं तर ज्योत नेमकी कशी येईल ते मी आधी सांगू शकत नाही, बसवून चमच्यानं तपासावंच लागते.

रश्मी_खामला
चमचा धरला, स्वच्छ निघाला. बर्नर साध्या पाण्यात धुऊन वाळवला आणि कूलर बंद ठेवून पाहिलं, ठिणग्या बऱ्याच कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. म्हणजे सोडा की कूलर हे मला अजून सांगता येत नाही. सिमवरचं पिवळं तसंच आहे, मात्र तिथंही चमच्याला काजळी येत नाही. शनिवारी नळी आणि नोझल घेऊन इतवारीत येते काका, तुम्हीच पाहा. तोपर्यंत त्या बर्नरवर सिम वापरत नाही, वरण उजव्यावर लावते.

अवंती_सक्करदरा
पुढच्या वेळी घर बंद ठेवून जाताना नळीच्या तोंडाला काही बांधून जायचं का? जाळीचं कापड वगैरे?

इतवारीचे_मिस्त्री
ताई, बांधलं आणि आल्यावर काढायचं विसरलं तर हवाच बंद होईल, आणि कापड नोझलजवळ राहिलं तर पेट घेईल. शेगडीवर मोठी चादर टाकून जा, सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढून जा. परत आल्यावर पेटवायच्या आधी बर्नर उचलून वरून नळीत बॅटरी मारा. वळणामुळे पूर्ण दिसत नाही, पण कोळ्याचं जाळं किंवा माती असली तर बऱ्याचदा दिसून जाते. पहिल्यांदा पेटवल्यावर चमचा धरायचाच. रश्मीताई, शनिवारी बारा वाजेपर्यंत या, दुपारनंतर मी बाहेर असतो.